२० सें.मी. खोलीवर माती रात्री नऊला सर्वांत गरम! सेन्सर बिघडलाय की माझं काही चुकतंय?

वाळवेकर_शेत

मंडळी, वाळवा तालुक्यात आमचं रान आहे, काळी जमीन. अक्षय्य तृतीयेला हळद लावायची म्हणून गादीवाफे तयार आहेत. बेणं नेहमी दोन इंचावर लावतो. यंदा ऊन फार, म्हणून वडील म्हणतात की चार इंच खोल जाऊ दे, गड्डा भाजणार नाही. नुसत्या अंदाजावर ठरवायचं नव्हतं, म्हणून शेजारच्या मोकळ्या सपाट तुकड्यात मातीत चार सेन्सर पुरले: ५, १०, २० आणि ४० सें.मी. वर. सेन्सर `DS18B20`, स्टीलच्या नळीतले वॉटरप्रूफ. `ESP32` बोर्ड दर दहा मिनिटांनी आकडे कार्डवर लिहितो. पाऊस नाही, ढग नाहीत, पाणी दिलेलं नाही. तीन दिवसांची सरासरी अशी:

५ सें.मी.: कमाल ४६.१, किमान २४.९, कमाल दुपारी २:३० ला
१० सें.मी.: कमाल ४०.६, किमान ३०.३, कमाल संध्याकाळी ५:२० ला
२० सें.मी.: कमाल ३६.७, किमान ३२.९, कमाल रात्री ९:०० ला
४० सें.मी.: कमाल ३३.६, किमान ३३.१, कमाल पहाटे, रोज वेगवेगळ्या वेळी, कधी तीनला तर कधी सातला

पहिली ओळ पटते. पण २० सें.मी. वरची माती रात्री नऊला सर्वांत गरम कशी? तेव्हा वर उघड्या रानात वारा सुटलेला असतो, ढेकूळ हाताला गार लागतं. आणि ४० वाला तर पहाटे गरम! दोन सेन्सर गेले असं समजू का?

मळीकाठ

सेन्सर नाही, घड्याळ बघ. या बोर्डांवर वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली वेळ साडेपाच तास पुढे. माझ्या पंपाच्या कंट्रोलरला हेच झालं होतं, मोटर पहाटेऐवजी ऊन चढल्यावर सुरू व्हायची. वेळ दुरुस्त कर, सगळं जागेवर येईल.

वाळवेकर_शेत

दादा, ते तपासलं. चारही सेन्सर एकाच वायरवर आणि एकाच बोर्डाला आहेत. घड्याळ चुकलं असतं तर चौघांच्या वेळा सारख्याच सरकल्या असत्या. इथं पाचवाला अडीचला आणि वीसवाला नऊला. मधला फरक घड्याळाने पडत नाही.

जुना_निरीक्षक

बाळ, तुझे सेन्सर ठणठणीत आहेत. मी शेतकी वेधशाळेत बरीच वर्षं मातीचे तापमापक वाचले. तिथं ५, १० आणि २० सें.मी. वर तापमापक असतात आणि ते सकाळी सात व दुपारी दोनला वाचायचे असतात. सुरुवातीला मलाही तुझ्यासारखाच प्रश्न पडला होता. दुपारी दोनला पाचवाला तापलेला असायचा आणि वीसवाला जेमतेम सकाळपेक्षा वर. वीसवाल्याचा चढ आम्ही घरी जेवायला बसलेलो असताना व्हायचा, म्हणून तो वहीत कधी सापडलाच नाही. तू दर दहा मिनिटांनी लिहितोयस म्हणून तुला दिसला.

घडतं ते असं. सूर्य वरचा थर तापवतो. तो थर खालच्याला देतो, पण देण्याआधी स्वतः तापावा लागतो. खालचाही तसाच स्वतः तापल्याशिवाय त्याच्या खालच्याला फारसं काही देत नाही. त्यामुळे प्रत्येक थराला चढायला उशीर होतो. तोवर वर संध्याकाळ होते, वरचा थर निवायला लागतो, आणि मधल्या थरातली उष्णता वर आणि खाली दोन्हीकडे जाऊ लागते. म्हणून जितकं खोल जावं तितका चढ उशिरा येतो आणि लहान होऊन येतो. उशीर आणि बारीक होणं या दोन गोष्टी एकाच कारणाच्या आहेत. त्यामुळेच एकीवरून दुसरी पडताळता येते, आणि मला या विषयात सर्वांत आवडतं ते हेच.

तुझेच १० आणि २० चे आकडे घेऊ. दहावर दिवसभराची झेप, म्हणजे कमाल आणि किमान यांतला फरक, १०.३ अंश, वीसवर ३.८. म्हणजे दहा सेंटिमीटरमध्ये झेप साधारण ३७ टक्क्यांवर आली. ज्या खोलीत झेप ३७ टक्क्यांवर येते, ती त्या मातीची खूण. तिला आपण 'टप्पा' म्हणू. तुझ्या रानाचा टप्पा दहा सेंटिमीटर. तापमानाच्या रोजच्या चढउताराच्या लाटेला एक टप्पा उतरायला ३ तास ५० मिनिटं लागतात. दहावर कमाल ५:२० ला, मग वीसवर ९:१० च्या आसपास यायला हवी. तुझा सेन्सर म्हणतो ९:००. याहून चांगली साक्ष कुठल्या सेन्सरकडून मागणार?

४० वाल्याच्या वेळेच्या मागे लागू नकोस. तिथं झेप अर्धा अंश. मे महिन्यात तिथली माती रोज थोडी थोडी तापत वरही चढत असते. अर्ध्या अंशाच्या लाटेवर तो चढ बसला की शिखर कुठं आहे ते पुढे-मागे सरकतं. सेन्सरची बारीकी एका अंशाचा सोळावा भाग आहे, तीही तिथं अपुरी वाटते.

माणदेशी_७१

काका, तुमचं वाचून एक उलगडा झाला. आमच्याकडे दहिवडीच्या बाजूला विहिरीपासून घरापर्यंत पीव्हीसी पाइप पुरलाय, सहा इंच खोल. दुपारी दोनला नळाचं पाणी बरं असतं. संध्याकाळी सातला भांडी घासायला नळ सोडला की पहिली बादली इतकी गरम येते की बायको म्हणते टाकी तापली. टाकी नाहीच, थेट विहिरीचं पाणी. मी पाइपवाल्याला दोष देत होतो. मग हे मातीचंच का?

जुना_निरीक्षक

मातीचंच. सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर. तुमच्या मातीचा टप्पा दहाच्या आसपास धरला तर तिथं चढ पृष्ठभागानंतर पावणेसहा तासांनी पोचतो. वर कमाल एक-दीडला असेल, तर पंधरावर ती संध्याकाळी सातला. तुमच्या सौभाग्यवतींनी घड्याळाशिवाय वेळ बरोबर टिपली. पाइपात थांबलेलं पाणी आजूबाजूच्या मातीइतकं तापतं, ते पहिल्या बादलीत येतं, आणि मागून विहिरीचं गार येतं. पाइप अजून एक फूट खाली असता तर झेप अर्ध्या अंशावर आली असती.

पण तुमची जमीन माणदेशातली, मुरमाड असेल तर टप्पा वेगळा निघेल. दगड-मुरूम उष्णता लवकर पुढे देतो.

हरिपूरकर

आमच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, त्यांत बारा महिने सारखीच हवा असायची, मी लहानपणी आजोबांबरोबर पाहिलंय. २००५ च्या पुरात बरीच गेली. तिथं ना दुपारी गरम, ना रात्री गार. तुम्ही दहा-वीस सेंटिमीटरवर एवढा काथ्याकूट करताय, पण जमिनीत उष्णता मुळात जातच नाही असं आमच्या बुजुर्गांचं म्हणणं होतं. बेणं पेवात टिकायचं ते त्यामुळेच.

जुना_निरीक्षक

हरिपूरकर, बुजुर्गांचं निरीक्षण खरं, पण ते दुसऱ्या लाटेबद्दल आहे. जमिनीवर रोजची एक लाट असते आणि वर्षाची एक. जितकी संथ लाट तितकी ती खोल जाते, कारण उष्णतेला खाली सरकायला वेळ मिळतो. वर्षात ३६५ दिवस, त्याचं वर्गमूळ १९ च्या जवळ, म्हणून वर्षाच्या लाटेचा टप्पा रोजच्याच्या एकोणीस पट. दहा सेंटिमीटरचे झाले एक मीटर नव्वद. रोजची लाट तुमच्या पेवाच्या तोंडाशीच संपते. वर्षाची लाट आत जाते, पण वीस फुटांवर तीन टप्पे ओलांडून तिचा पंचविसावा हिस्साच उरतो आणि तोही सहा महिने उशिरा. म्हणजे मेची थोडीशी ऊब तिथं दिवाळीनंतर पोचते आणि डिसेंबरचा गारवा पुढच्या उन्हाळ्यात. आजोबांना तो अर्धा-पाव अंश हाताला कसा कळावा?

पेवात हळद टिकायची त्याला कोरडेपणा आणि बंद हवा हीही कारणं होती, सगळं श्रेय तापमानाला देऊ नका.

हरिपूरकर

सहा महिने उशिरा! हे ठाऊक नव्हतं. आजोबा म्हणायचे पेव थंडीत उबदार लागतं. मी समजत होतो बाहेर थंडी म्हणून आत तसं वाटतं.

मृदगंधा

काकांचं सगळं पटलं, पण वाळवेकर, तुमच्या पहिल्या ओळीवर माझं डोकं अडलं. मी मृदाशास्त्र शिकते, उन्हाळ्यात हेच मोजमाप केलंय. दोन सूत्रं वापरते. z म्हणजे खोली सेंटिमीटरमध्ये, A म्हणजे त्या खोलीवरची झेप, Δt म्हणजे दोन शिखरांमधले तास, d म्हणजे काकांचा टप्पा:

```
d = (z2 - z1) / ln(A1 / A2)
d = (z2 - z1) × 24 / (2π × Δt)
```

१० ते २० घेतलं तर पहिल्याने १०.० आणि दुसऱ्याने १०.४ येतं. छान. आता ५ ते १० घ्या. झेप २१.२ वरून १०.३, म्हणून पहिल्याने ६.९. वेळ २:३० ते ५:२०, म्हणजे दोन तास पन्नास मिनिटं, दुसऱ्याने ६.७. दोन्ही सूत्रं एकमेकांशी जुळतात, पण खालच्या थराशी जुळत नाहीत. एकाच रानात पाच सेंटिमीटरवर टप्पा सात आणि त्याखाली दहा?

दोन शक्यता दिसतात. वरचा थर पार सुकलेला आणि भुसभुशीत असेल तर त्यात हवा जास्त, उष्णता हळू सरकते, आणि टप्पा खरंच लहान होतो. दुसरी शक्यता अशी की तुमचा ५ चा सेन्सर प्रत्यक्षात ५ वर नाहीच. दोन सूत्रं जुळली म्हणून आकडे खरे ठरत नाहीत. सेन्सर वर सरकलेला असेल तर झेप मोठी दिसते आणि शिखरही लवकर दिसतं, दोन्ही सूत्रं सारख्याच प्रमाणात फसतात. तुम्ही सेन्सर कसा पुरला ते सांगाल?

वाळवेकर_शेत

ताई, सळईने भोक पाडून वरून उभा खोचला. सेन्सरच्या टोकावर ५ सें.मी. ची खूण केली होती, टोक बरोबर पाचवर आहे.

मृदगंधा

तीच गडबड वाटते. ती स्टीलची नळी स्वतःच पाचेक सेंटिमीटर लांब असते. टोक पाचवर म्हणजे नळीचं दुसरं डोकं जवळजवळ उन्हात. स्टील मातीपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता वाहून नेतं, वरची उष्णता नळीतून सरळ टोकाच्या चिपपर्यंत उतरते. शिवाय सळईच्या भोकात नळीभोवती पोकळी राहते. तुमचा सेन्सर पाचवरची माती सांगत नाही, तीनेक सेंटिमीटरवरची सांगतोय असं आकड्यांवरून वाटतं. खालचे तिघे कसे आहेत?

वाळवेकर_शेत

खालच्या तिघांसाठी खड्डा काढला होता, ते खड्ड्याच्या भिंतीत आडवे खोचलेत. वरचा शेवटी लावला, तेव्हा खड्डा बुजवून झाला होता म्हणून उभा घातला.

मृदगंधा

मग पाचवालाही आडवा करा. बाजूला छोटा खड्डा घ्या, न हललेल्या मातीच्या भिंतीत पट्टी लावून पाच सेंटिमीटर मोजा, नळी पूर्ण आडवी आत जाईल असं खोचा. वायरही हातभर आडवीच न्या, मग वर काढा, नाहीतर तीही उन्हाची उष्णता खाली आणते. खड्डा काढलेल्या मातीनेच दाबून बुजवा.

मळीकाठ

एका सेन्सरसाठी एवढं? पाणी दे आणि मोकळा हो. पाणी दिलं की जमीन गार होते, लाट आत जातच नाही. हळदीला लागवडीनंतर पाणी द्यायचंच आहे.

जुना_निरीक्षक

मळीकाठ, अर्धं बरोबर. पाण्याने वरची झेप खूप कमी होते, कारण उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. पण ओली माती उष्णता खाली जास्त चांगली पोचवते, टप्पा वाढतो. वर लाट लहान होते आणि जी आहे ती जास्त खोल जाते. शेवटी खाली काय उरतं हे दोन्हींच्या वजाबाकीवर ठरतं. वाळवेकर, पाणी देणारच आहेस तर आधी आडव्या सेन्सरचे आकडे दे, मग पाणी दे.

वाळवेकर_शेत

पाचवाला आडवा करून आज चौथा दिवस. काढताना दिसलं की नळीभोवती खरंच बोटाएवढी पोकळी होती, आत सुकलेल्या मातीची पूड. नळीचं वरचं डोकं मातीबाहेर डोकावत होतं, हाताला चटका बसला.

नवे आकडे: ५ सें.मी. वर कमाल ४४.२, किमान २६.४, कमाल दुपारी ३:१५ ला. बाकीच्यांत फरक नाही. हवा तशीच कोरडी.

ताईंच्या सूत्राने ५ ते १० चा टप्पा ९.१ आला, वेळेवरून ९.२. म्हणजे सातचे नऊ झाले!

मृदगंधा

छान. उरलेला नऊ आणि दहामधला फरक मात्र खरा असावा, वरची माती जास्त कोरडी आहे त्याचा. नळीचा घोळ जास्त, कोरडेपणाचा थोडा. आधी सगळंच कोरडेपणावर ढकललं असतं तर चुकलो असतो.

माणदेशी_७१

मग वरच्या पृष्ठभागाचं तापमान हिशोबानेच काढता येईल की. वर मोजायची गरजच काय?

वाळवेकर_शेत

मी ते करून पाहिलं आणि जुळलं नाही. टप्पा ९ धरून पाचवरून वर गेलो तर पृष्ठभागाची झेप ३१ अंश येते. शेजाऱ्याकडून इन्फ्रारेड गन आणली, त्याने दुपारी मातीवर ५८ दाखवलं आणि पहाटे २२, म्हणजे ३६. पाच अंश कुठं गेले?

जुना_निरीक्षक

पृष्ठभागाची लाट आपण समजतो तशी गुळगुळीत नसते. मेमध्ये वरचा थर दुपारी टोकदार चढतो आणि रात्रभर सावकाश उतरत राहतो. तो टोकदार भाग म्हणजे बारा तासांच्या, आठ तासांच्या छोट्या लाटा मिसळलेल्या. छोट्या लाटा लवकर मरतात, बारा तासांचीचा टप्पा सातच सेंटिमीटर. पाचवर पोचेपर्यंत टोक बोथट होतं. तू पाचवरून वर गेलास तेव्हा ते टोक तुझ्या हिशोबात आलंच नाही. म्हणून वरून खाली हिशोब ठीक, खालून वर जाताना कमीच येणार.

मृदगंधा

मला हे अर्धंच पटतं, काका. टोकाने दोनेक अंश जातील. बाकीचे वरच्या दोन सेंटिमीटरमधल्या पुडीसारख्या थराचे असतील, तिथला टप्पा नऊपेक्षाही लहान असणार. दीड-दोन सेंटिमीटरवर एक बारीक सेन्सर ठेवल्याशिवाय कळणार नाही, आणि ही जाड नळी तिथं चालणार नाही.

जुना_निरीक्षक

शक्य आहे. आमच्याकडे तेवढ्या वर तापमापक नव्हता, म्हणून मी खात्रीने बोलू शकत नाही.

वाळवेकर_शेत

पाणी दिलं. दोन दिवसांनी वाफसा आल्यावरचे आकडे लिहितो. गनवर पृष्ठभाग दुपारी ४१, पहाटे २३, म्हणजे झेप १८, आधीची निम्मी. ५ वर झेप ११.९ (आधी १७.८). १० वर ७.८ (आधी १०.३). २० वर ३.४ (आधी ३.८). दहाची कमाल ४:४० ला, वीसची ७:५० ला.

वर निम्मं झालं, पण वीसवर जवळजवळ काही बदललंच नाही! टप्पा दोन्ही रीतींनी १२ येतोय.

जुना_निरीक्षक

हेच मला दाखवायचं होतं, तू आकड्यांनी दाखवलंस. मळीकाठ, बघा, वरची लाट निम्मी झाली तरी खाली शिरण्याची ताकद वाढली. चढ पोचायला आधी पावणेचार तास लागत होते, आता तीन तास दहा मिनिटं. फक्त एक लक्षात ठेव, झेप कमी होणं आणि तापमान कमी होणं वेगळं. वीसवर झेप तीच असली तरी सरासरी उतरली असेल. उतरली ना?

वाळवेकर_शेत

हो, वीसवर सरासरी ३४.८ होती, आता ३१.६.

मळीकाठ

मान्य. मला वाटायचं पाण्याने लाट मरते. मग लावायचं किती खोल?

जुना_निरीक्षक

बेण्याचं माझं क्षेत्र नाही, मी तापमानापुरतं सांगतो. कोरड्या रानात दोन इंचावर ४४ अंश आणि चार इंचावर ४०.६. साडेतीन अंशांचा फरक आहे खरा. पण पाणी दिल्यावर दोन्हीकडच्या झेपेत चारच अंशांचं अंतर उरतं, म्हणजे शिखरांत फरक दोनच अंशांचा, कारण झेप सरासरीच्या वर अर्धी आणि खाली अर्धी असते. वडिलांची भीती कोरड्या रानासाठी बरोबर आहे. लावताच पाणी फिरणार असेल तर दोन इंच जास्त गेल्याने मिळतं फार थोडं. त्यापेक्षा वर पाचट टाकलं तर पृष्ठभागाची झेपच कमी होते, मग खालचे सगळे हिशोब त्याच प्रमाणात उतरतात.

हरिपूरकर

आमच्याकडे चार इंचावर लावलेली हळद उशिरा उगवते, आणि काही जागी कुजली. ऊन वाचवायला गेलो आणि उगवण गेली. वाळवेकर, खोल जाताना हे पण बघ.

मृदगंधा

अजून एक. वाळवेकर, तुमचे आकडे सपाट मोकळ्या तुकड्यातले आहेत, आणि हळद गादीवाफ्यावर लागणार. वाफ्याच्या कडेला लाट वरूनही येते आणि बाजूच्या सरीकडूनही. कडेपासून वीतभर आतपर्यंत हे सूत्र चालत नाही, त्यात लाट फक्त वरूनच येते असं धरलंय. काळ्या रानात भेगा पडल्या की तर आणखी गोंधळ, भेगेतून तापलेली हवा सरळ फूटभर खाली जाते. सेन्सर भेगेजवळ आला तर दहावरचा आकडा पाचवरचा वाटेल. ते ओळखायचं कसं? दहावर झेप अचानक वाढलेली आणि कमाल तीनच्याच सुमाराला आलेली दिसली, तर आधी तिथं भेग शोधा.

वाळवेकर_शेत

पूर्वेकडच्या वाफ्याच्या कडेला खरोखर अंगठा जाईल एवढी भेग आहे. उद्या सकाळी तिथं भेगेपासून तीन बोटांवर एक सेन्सर आडवा घालतो आणि वाफ्याच्या मधोमध एक, दोन्ही १० सें.मी. वर. अर्ध्या वाफ्यावर उसाचं पाचट पसरतो. वडिलांनी ठरवलंय की दोन ओळी दोन इंचावर, दोन ओळी चार इंचावर लावू आणि उगवण मोजू. आकडे आले की इथंच टाकतो.

जुना_निरीक्षक

पाचटाखाली सेन्सर ठेवताना पाचट मातीला टेकलेलं असू दे. मध्ये पोकळी राहिली तर वेगळंच मोजशील. आणि पाचट टाकल्यावर पहिले दोन दिवस आकडे लिहून ठेव पण हिशोबात धरू नकोस. खालच्या मातीला जुन्या उन्हाची आठवण असते, ती उतरायला तेवढा वेळ लागतो.